मदत हवी आहे: पुण्याच्या पेठांचा स्वतः फिरायचा नकाशा, नंबर आणि क्रम कसा लावू?

पेठेतली_पोर: नागपूरहून आमची पंधराएक नातेवाईक मंडळी दिवाळीनंतर येतायत, गाईड नकोय, प्रत्येकाला आपापल्या वेगाने फिरता यावं म्हणून गूगलच्या My Maps मध्ये नऊ ठिकाणं टाकली. कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा, भिडे वाडा, बेलबाग, तुळशीबाग, विश्रामबागवाडा, मंडई, आणि नाना वाडा आठवला उशिरा म्हणून तो नऊ नंबरला गेलाय. शिवाय रस्ता दाखवायला directions टाकले तर रेघ कुठल्या कुठे फिरते आणि माझ्या १, २, ३ वर A, B, C ची चिन्हं येऊन बसतात. माहिती किती लिहायची आणि क्रम काय ठेवायचा, सांगा ना कोणीतरी.

सह्याद्री_६२: शनिवारवाड्याजवळ गाईड मिळतात की, चौकशी करा, आरामात तासाभरात सगळं दाखवतात.

पेठेतली_पोर: काका गाईड नकोय हो, नकाशा करायचाय.

जुनापुराणा: क्रम सोपा आहे, काळानुसार लावा. आधी कसबा आणि लाल महाल, मग १७३२ चा शनिवारवाडा, मग तुळशीबाग, नाना वाडा, विश्रामबाग, १८४८ च्या शाळेचा भिडे वाडा, शेवटी १८८६ ची मंडई. गोष्ट आपोआप उलगडत जाते.

नकाशेवाला: कल्पना छान आहे पण पायांना परवडणार नाही. शनिवारवाड्यावरून तुळशीबागेत जायचं, नाना वाड्यासाठी परत वर यायचं, मग विश्रामबागेला पुन्हा खाली आणि भिडे वाड्याला पुन्हा शिवाजी रोडवर, आजी लोकांनी करायचं काय? नशिबाने तिथली जुनी वस्ती उत्तरेला आणि नवी दक्षिणेला आहे, त्यामुळे नुसतं वरून खाली चालत आलं तरी काळ बऱ्यापैकी सांभाळला जातो. मी असा लावीन: कसबा, लाल महाल, शनिवारवाडा, नाना वाडा, मग शिवाजी रोडने भिडे वाडा, बेलबाग, तिथून तुळशीबागेत शिरायचं, पलीकडून बाजीराव रोडला निघालं की विश्रामबाग, आणि शेवट मंडईत. सुरुवातीला कसबा पेठ मेट्रो स्टेशन आणि शेवटी मंडई स्टेशन, कोणालाच परत यावं लागत नाही. सालं माहितीत लिहा, क्रमाला त्यांची सक्ती नको.

आता रेघेचं. directions बाय डीफॉल्ट गाडीचे असतात, आणि शिवाजी रोड, बाजीराव रोड दोन्ही वनवे, म्हणून तुमची रेघ गाडीसारखी वळसे घालते. तो लेयर काढून टाका. रेघ काढायच्या टूलमध्ये Add walking route आहे, त्याने क्लिक करत रेघ ओढा, A, B, C येत नाहीत. नंबरांसाठी लेयरच्या स्टाईलमध्ये Sequence of numbers निवडा, मग नाना वाडा यादीत ओढून चौथ्या जागी टाका, पुढचे नंबर आपोआप बदलतात.

पिन कुठे टोचता तेही बघा. शनिवारवाडा शोधला की पिन साधारण मधल्या बागेत पडते, ती उत्तरेच्या दिल्ली दरवाजासमोर आणा, कारण माणूस तिथे उभा राहणार. शीटमधून टाकणार असाल तर असं:

```
nav,mahiti,lat,lon
शनिवारवाडा,"...",18.5195,73.8553
```

इंपोर्ट करताना lat आणि lon उलटे निवडले तर पिन पुण्याऐवजी नॉर्वेच्या वरच्या समुद्रात दिसेल, तेवढ्यावरून कळतं.

पेठेतली_पोर: वनवे!! आणि मी दोन संध्याकाळी त्या रेघेशी भांडतेय. माहितीचा एखादा नमुना देता का?

नकाशेवाला: साठेक शब्द पुरे, उन्हात फोनवर कोणी निबंध वाचत नाही. कुठे उभं राहायचं, काय बघायचं, पुढे कसं जायचं, बस. उदा. विश्रामबाग: “बाजीराव रोडवर वाड्यासमोर उभे राहा. दर्शनी भागातली कोरीव लाकडी कामगिरी बघा. वाडा दुसऱ्या बाजीरावाचा. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे: बाजीराव रोडने दक्षिणेला, मग डावीकडे मंडई.” लाल महालाला आताची इमारत १९८८ ची आहे हे लिहाच, नाहीतर लोक शिवकाळातली समजून फोटो काढतात.

वाईची_मावशी: आम्ही वाईच्या घाटांचा असाच नकाशा केला होता. मंदिरं लाल, वाडे हिरवे, फार सुंदर दिसत होतं, पण छापला काळापांढरा आणि सगळं एकाच राखाडी रंगाचं! तेव्हा ओळख नंबरांनीच ठेवा. आणि तुळशीबाग सकाळी लवकर घ्या, दुकानं उघडली की राममंदिराकडे कोणाचं लक्षच जात नाही.

जुनापुराणा: मग मंडईपासून सुरू करून उलटं या, मंडईसुद्धा सकाळीच खरी बघायची असते.

नकाशेवाला: हे मात्र पटतंय. पण मग शनिवारवाड्याला ऊन डोक्यावर येतं आणि आत सावली कमी. आजी-आजोबा किती आहेत त्यावर ठरवा.

पेठेतली_पोर: पाच आहेत, म्हणजे सकाळी सातला कसब्यापासूनच निघू आणि शनिवारवाडा बाहेरून बघू, तरच तुळशीबाग वेळेत होईल. अजून एक, भिडे वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, मग तिथे पिन ठेवू का?

वाईची_मावशी: ठेव ग. मुलींची शाळा तिथे भरली होती ना.

सह्याद्री_६२: वाडाच नाही तर लोक काय बघणार? फसवल्यासारखं वाटेल.

नकाशेवाला: पिन ठेवून पहिल्याच ओळीत “मूळ वाडा आता नाही” असं लिहिता येईल. मात्र त्याला नंबर द्यावा की नुसतं चिन्ह, यावर माझंही अजून ठरत नाहीये.