मदत हवी आहे: जस्ताचे अ‍ॅनोड झिजतच नाहीत, सुकाणू मात्र खाल्लं जातंय

लोखंडी ट्रॉलर आहे, पावसाळ्यातल्या बंदीत दाभोळच्या खाडीत नांगरलेला असतो. आता वर ओढला. तळाचा अँटिफाउलिंग रंग ठीक आहे, बार्नेकल फक्त पंख्यावर. पण पंख्याजवळ सुकाणूच्या पत्र्याला खड्डे पडलेत आणि शेजारचे जस्ताचे अ‍ॅनोड जवळपास नवे, वर पांढरट टणक थर! त्यांच्यावर रंग नाही, अ‍ॅनोड ते पत्रा रोध मीटरवर एक ओहमच्या आत. किनाऱ्याची वीज जोडत नाही. खाडीच्या गोड्या पाण्याने जस्त निकामी झालं, असा संशय आहे. दुकानदार मॅग्नेशियम सुचवतो, पण समुद्रात त्याने रंगाला फोड येतील. मग अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड खाडी-समुद्र दोन्हीकडे चालतील का, आणि जस्ताचे सगळेच काढावे लागतील का?