‘यूएसबी पासथ्रू’ला मराठीत काय म्हणाल?

निशिगंधा_ठाणे: आमच्या कॉलेजच्या लॅबसाठी व्हर्च्युअलबॉक्सवर एक छोटं मराठी टिपण लिहितेय. उबुंटूवर व्हर्च्युअलबॉक्स, त्यात विंडोज १० गेस्ट. मुलांची नेहमीची तक्रार म्हणजे पेन ड्राइव्ह उबुंटूत दिसतो पण गेस्टमध्ये दिसतच नाही. यूएसबी पासथ्रूला, म्हणजे असा ड्राइव्ह गेस्टला वापरायला देण्याला, मी ‘यूएसबी सामायिक करणे’ असं लिहिलं होतं पण सर म्हणाले हे चुकीचं वाटतंय. मग काय लिहू?

बापू_सांगली: गेस्ट अकाउंटला परवानगी नसते हो ताई, अ‍ॅडमिनने लॉगिन करा, लगेच दिसेल.

निशिगंधा_ठाणे: बापू, ते गेस्ट अकाउंट नाही, मशीनच्या आत चालणारं दुसरं मशीन.

बापू_सांगली: अच्छा अच्छा, मग चालू द्या तुमचं 😄

केदार_जी: ‘आरपार’ कसं वाटतं? आणि गेस्ट अ‍ॅडिशन्स टाकलंय का आधी, त्याशिवाय यूएसबी चालत नाही.

तात्या_लिनक्सवाले: केदार, आरपार म्हटलं की पुढे लढाईच आठवते. आणि गेस्ट अ‍ॅडिशन्सचा यूएसबीशी संबंध नाही, ते शेअर्ड फोल्डरला लागतं, आणि तुमचा घोळ तिथेच होतोय. शेअर्ड फोल्डर खरंच सामायिक असतो, दोन्हीकडून एकाच वेळी उघडता येतो. पासथ्रूत तसं नाही, गाडीची किल्ली एकच असते, गेस्टला दिली की होस्टकडे राहत नाही. पेन ड्राइव्ह उबुंटूतून चक्क गायब होतो. म्हणून सर बरोबर आहेत, ‘सामायिक’ नको. मी ‘हवाली करणे’ म्हणेन.

निशिगंधा_ठाणे: हवाली छान आहे! पण हवाली होतच नाहीये ना, डिव्हाइसेस मेनूत यूएसबीखाली यादीच रिकामी येते.

तात्या_लिनक्सवाले: मग होस्टवर, तुमच्या नेहमीच्या युजरने, सुडो न लावता हे चालवा आणि काय येतं ते सांगा:

```
VBoxManage list usbhost
```

निशिगंधा_ठाणे: नुसतं `<none>` येतंय. `lsusb` मध्ये मात्र `0781:5567` SanDisk Cruzer Blade व्यवस्थित दिसतो.

तात्या_लिनक्सवाले: म्हणजे ड्राइव्ह ठीक आहे, व्हर्च्युअलबॉक्सलाच यूएसबीकडे बघायची परवानगी नाही. युजर vboxusers ग्रुपमध्ये नाहीये.

```
sudo usermod -aG vboxusers $USER
```

यानंतर पूर्ण लॉगआउट करून परत लॉगिन करा, नुसतं टर्मिनल बंद करून चालत नाही, बहुतेक जण इथेच फसतात आणि म्हणतात कमांडने काही झालं नाही. `groups` मारून ग्रुप दिसतो का बघा, मग यादी परत काढा.

निशिगंधा_ठाणे: आला!! पण `Current State: Busy` म्हणतोय.

तात्या_लिनक्सवाले: Busy म्हणजे सध्या उबुंटू वापरतंय, तरी घेता येतो. फक्त आधी फाइल मॅनेजरमधून अनमाउंट करा, नाहीतर अर्धवट कॉपी होत असलेली फाइल गेली म्हणून समजा. मग गेस्ट चालू असताना डिव्हाइसेस, यूएसबी, आणि त्याच्या नावावर टिचकी. हवाली झाला की तीच कमांड `Captured` दाखवेल.

मीनल_सीए: मध्येच विचारते, आमच्या ऑफिसात डिजिटल सिग्नेचरचं टोकन असंच गेस्टमध्ये लागतं, रोज सकाळी मेनूत जाऊन टिचकी मारावी लागते, कायमचं नाही का करता येत?

तात्या_लिनक्सवाले: येतं की. सेटिंग्जमध्ये यूएसबी, तिथे फिल्टर वाढवा. टोकन लावलेलं असताना अधिक चिन्हावरून निवडलं तर तो सगळी माहिती भरतो, त्यातला व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी ठेवा आणि बाकी रकाने रिकामे करा, म्हणजे टोकन बदललं तरी त्याच मॉडेलचं असेल तर चालेल. गेस्ट चालू असताना फिल्टर टाकला तर टोकन एकदा काढून परत लावा, आधीपासून लावलेल्यावर तो लगेच लागू होत नाही.

केदार_जी: बरं गेस्ट अ‍ॅडिशन्सचं मागे घेतो, पण एक्स्टेन्शन पॅक तरी लागतोच ना यूएसबी २ आणि ३ ला?

तात्या_लिनक्सवाले: ७.० च्या आधी लागायचा, आता ते मूळ व्हर्च्युअलबॉक्समध्येच आलंय. जुनी आवृत्ती असेल तर तुमचं बरोबर.

गोवेकर_अमेय: माझं विंडोज ७ गेस्ट आहे, होस्टवर Captured दिसतं तरी आत काहीच येत नाही. तिथे हवाली झाला म्हणायचं का नाही?

तात्या_लिनक्सवाले: झाला, पण घेणाऱ्याला वापरता येत नाही. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नसतो. मशीन बंद करा, कंट्रोलर २.० वर टाका.

निशिगंधा_ठाणे: टिपणात ‘हवाली करणे’ लिहिते. पण मुलं म्हणतायत ते पोलीस ठाण्यातलं वाटतं, ‘सोपवणे’ लिहा.

केदार_जी: सोपवणे म्हणजे जबाबदारी देणं, वस्तू नव्हे. माझं मत अजून आरपारच.

गोवेकर_अमेय: २.० करून पाहिलं, आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये येतो पण ड्राइव्हला अक्षर मिळत नाहीये 😐