नावाची पट्टी: अक्षर मोठे आणि जाड केले की झाले?

संकलनमेज: मोबाइलवर चित्रफितीतली, बोलणाऱ्याचे नाव दाखवणारी पट्टी वाचता येत नाही, या तक्रारीला एकच उत्तर आहे. अक्षर मोठे करा आणि जाड करा. बाकीची चर्चा निरर्थक आहे.

अक्षरखुणा: ‘निरर्थक’ हा शब्द खटकला, म्हणून सविस्तर लिहिते. गेल्या वर्षी एका मुलाखतीची पट्टी मी नेमकी अशीच केली होती. 1080 बिंदू उंचीच्या चौकटीत 36 बिंदूंचे अक्षर पुरत नव्हते, म्हणून ते 64 केले आणि टंकातले सर्वांत जाड वळण निवडले. पाहुण्यांचे आडनाव धारे होते, आणि प्रतिसादांत लोकांनी त्यांना घारे करून टाकले. ‘नाव तरी नीट लिहायचे होते’, असे त्यांनी मला फोनवर ऐकवले. नाव मी बरोबरच लिहिले होते. ध आणि घ, किंवा भ आणि म, यांची ओळख डाव्या टोकाशी शिरोरेषेत असलेल्या फटीवर अवलंबून असते, आणि जाडी वाढली की तीच फट आक्रसते. माझ्या पट्टीत ती जेमतेम तीन बिंदूंची उरली होती. प्रेक्षकाचे नेट मंदावून चित्र 360वर उतरले की प्रत्येक माप तिसऱ्या हिश्शावर येते. म्हणजे एकच बिंदू उरतो, आणि संपीडनात तोही पुसला जातो.

संकलनमेज: एका आडनावावरून नियम ठरत नाही. फोन उभा धरला की आडवे चित्र सुमारे 7 सेंटीमीटर रुंद दिसते. त्यात 36चे अक्षर मात्रांसाठीची जागा धरूनही जेमतेम सव्वा मिलिमीटर उंच असते, आणि तेथे बारीक वळण दिसतच नाही. मी वीस वर्षे पट्ट्या करतो आहे. बारीक अक्षरांबद्दल तक्रारी येतात, जाड अक्षरांबद्दल कधीच आल्या नाहीत.

अक्षरखुणा: तक्रार येणार कशी? वाचणाऱ्याला आपण चुकीचे वाचले, हे कळतच नाही. बारीक वळण घ्या असे मी म्हटलेले नाही. 64 हे माप ठेवून मी मध्यम वळण घेतले आणि तीच चित्रफीत 360वर पाहिली, तेव्हा फट उघडी राहिली.

मोकळीओळ: वाद कशासाठी? अक्षरांमधले अंतर थोडे वाढवावे, म्हणजे जाड वळणही मोकळे दिसते. इंग्रजी शीर्षकांना मी नेहमी हेच करतो.

अक्षरखुणा: देवनागरीत तसे करू नका, ही कळकळीची विनंती आहे. अंतर वाढवले की प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषा तुटते आणि जेथे फट नाही तेथे खोटी फट दिसू लागते. मग खरी फट कोणती, हे डोळ्याने ठरवायचे कसे? प्रत्येक अक्षराला सुटी काळी कड दिली तरी जोडांवर असेच काप दिसतात. कडेऐवजी अक्षरांमागे गडद, जवळजवळ अपारदर्शक पट्टा द्यावा.

उभाफोन: माझ्या वडिलांनी फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर सर्वांत मोठे केले आहे, तरी चित्रफितीतली नावे तेवढीच राहतात. हा दोष फोन बनवणाऱ्यांचा नाही का?

रंगमेळ: नाही. ती अक्षरे चित्रातच मिसळलेली असतात, त्यामुळे सेटिंग त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच सगळी जबाबदारी पट्टी करणाऱ्यावर येते. या वादात रंग मात्र सगळेच विसरले आहेत. नेहमीच्या चित्रफितीत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा आडवी आणि उभी, दोन्हीकडे निम्म्या बारकाईने साठवली जाते. निळ्यावर लाल अक्षर ठेवले, तर दोन्हींचा उजेड जवळपास सारखा असल्याने कडा केवळ रंगावर उभी राहते आणि ओघळल्यासारखी दिसते. चित्र कृष्णधवल करून पाहावे. अक्षर तेव्हाही ठळक दिसले, तरच रंगजोडी ठेवावी.

संकलनमेज: रंगाचे मान्य आहे. पण 64च्या अक्षरात नाव, पदनाम आणि संस्था अशा तीन ओळी बसवून दाखवा. संस्थेचे नाव गाळले की पाहुणे रुसतात, आणि ते मला सोसावे लागते.

अक्षरखुणा: तीन ओळी बसत नाहीत. वरच्या मात्रा, रफार आणि खालचे उकार यांच्यामुळे आपल्या ओळींना जास्त अंतर द्यावे लागते. मी नाव 64 आणि पदनाम 44 अशा दोनच ओळी ठेवल्या आणि संस्थेचे नाव निवेदकाच्या तोंडी दिले. पट्टी तळापासून 150 बिंदू वर घेतली, कारण पडद्याला बोट लावताच दिसणारी सरकपट्टी पहिल्या वेळी पदनामावरच आली होती.

संकलनमेज: ध, घ, भ आणि म असलेल्या नावांपुरते मध्यम वळण वापरेन. बाकीच्या नावांना जाडच ठेवणार.

अक्षरखुणा: एकाच कार्यक्रमात दोन पाहुण्यांना दोन वळणे? ते मला पटत नाही.

संकलनमेज: 360वर दोन्ही शेजारी लावून पाहतो. त्याआधी माझे मत बदलणार नाही.