‘414’ ला मराठीत काय म्हणावं : लांब की न मावणारा?

शब्दवेल्हाळ
आमच्या वाचनालयासाठी मी मराठी-इंग्रजी शब्दांचं एक पान केलंय. चौकटीत एकाखाली एक शब्द टाकायचे, बटण दाबायचं, की अर्थ येतात. दीडशे इंग्रजी शब्द टाकले तर सुरळीत चालतं. तेवढेच मराठी टाकले की पांढऱ्या पानावर `414 Request-URI Too Large` एवढंच दिसतं. वाचकांना मराठीत काय दाखवू? ‘पत्ता फार लांब आहे’ लिहिलं, तर एका आजोबांनी विचारलं, "कुठं जायचंय?"

बंदरवाला
ही ब्राउझरची मर्यादा आहे. २०८३ अक्षरांपुढे पत्ता चालत नाही. शब्द कमी टाकायला सांगा.

ओसरी
बंदरवाला, तो आकडा खरा आहे, पण इंटरनेट एक्सप्लोररचा. इथे तर 414 हे उत्तर खुद्द सर्व्हरने दिलंय, म्हणजे ब्राउझरने पत्ता बिनबोभाट पाठवला होता.

शब्दवेल्हाळ, इंग्रजी चालतं आणि मराठी अडतं, मेख तिथेच आहे. पत्त्यात देवनागरी जशीच्या तशी जात नाही. ‘पाऊस’ असा जातो:

```
%E0%A4%AA%E0%A4%BE%E0%A4%8A%E0%A4%B8
```

प, काना, ऊ, स ही चार चिन्हं, प्रत्येकाची नऊ अक्षरं, झाली छत्तीस. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर वाटतं, पण त्यात क, हलन्त आणि ष असल्याने सत्तावीस लागतात. शब्दाला सरासरी सहा चिन्हं धरली तर दीडशे शब्दांची ८१०० अक्षरं झाली. शिवाय प्रत्येक नवी ओळ `%0D%0A` म्हणून जाते, त्याची आणखी नऊशेच्या आसपास. इंग्रजीत हेच सगळं मिळून अठराशेच्या घरात बसतं.

तुमच्या संदेशाच्या शब्दांवरून तुमचा सर्व्हर nginx दिसतो. विनंतीची पहिली ओळ ठेवायला तो मुळात ८ के, म्हणजे ८१९२ अक्षरांएवढी जागा देतो, आणि ती अख्खी ओळ एकाच कप्प्यात बसावी लागते. म्हणून मला ‘पत्ता मावत नाही’ हा शब्दप्रयोग आवडेल. ‘लांब’ म्हटलं की मराठी माणसाला आधी अंतर आठवतं. ‘मावत नाही’त दोष पत्त्यावरही येत नाही, जागा कमी पडली एवढंच कळतं.

माजघर
माझं पण हेच होतं! बहिणीने व्हॉट्सॲपवर पाठवलेला दुवा असाच टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेला होता. उघडला की ‘पान सापडले नाही’.

ओसरी
ताई, तुमचा दुवा बहुधा मध्येच तुटला असावा, शेवट तपासून बघा. मात्र नुसत्या 404 वरून ठरवू नका. मायक्रोसॉफ्टचा IIS सर्व्हर प्रश्नचिन्हापुढचा भाग २०४८ च्या वर गेला की 404 च देतो. खरं कारण, 404.15, त्याच्या नोंदवहीत सापडतं. देवनागरीची सव्वादोनशे चिन्हं झाली की तिथे ती हद्द येते.

बंदरवाला
मग सर्व्हरची जागाच वाढवा ना. `large_client_header_buffers` ची एक ओळ बदलली की झालं.

ओसरी
आज भागेल. उद्या कोणी हजार शब्द टाकेल. आणि पुढे दुसरा प्रॉक्सी असेल तर त्याची हद्द वेगळी. पत्त्यातला सगळा मजकूर सर्व्हरच्या नोंदीत आणि ब्राउझरच्या इतिहासात उरतो, ते आणखी वेगळं. फॉर्मला पद्धत सांगितली नाही की तो get च धरला जातो, म्हणजे मजकूर पत्त्यातूनच जातो. तुमचंही तेच झालं असणार. असं करा:

```html
<form action="/artha" method="post">
```

पलीकडे PHP मध्ये `$_GET` वाचत असाल तर तिथेही `$_POST` करा, नाहीतर पान रिकामं येईल. साध्या फॉर्ममधून गेलेलं चिन्ह तरीही नऊच अक्षरं घेतं, पण त्याला वेगळी, मोठी जागा असते. nginx मध्ये मुळात १ एमबी, म्हणजे लाखभर चिन्हं. ती ओलांडलीत तर 413 दिसेल.

शब्दवेल्हाळ
बदललं, दीडशे शब्द चालले! पण आता यादीचा दुवा कोणाला पाठवता येत नाही, आणि पान ताजं केलं की ‘पुन्हा पाठवू का’ विचारतं.

ओसरी
तो post चा स्वभाव आहे. एकेका शब्दाच्या शोधाला get च ठेवा, तो दुवा लोक एकमेकांना पाठवतात. मोठी यादी post ने घ्या, साठवून तिला क्रमांक द्या आणि 303 ने वाचकाला `/yadi/57` सारख्या छोट्या पत्त्यावर न्या. दोन्ही तक्रारी मिटतील.

शब्दवेल्हाळ
पण मग या याद्या किती दिवस ठेवायच्या? आमची जागा थोडी आहे.

माजघर
दुवा खरंच तुटला होता, शेवटचे दोन टक्केवाले तुकडे गायब. आणि get ला ‘मागवणे’, post ला ‘धाडणे’ म्हणता येईल का?

बंदरवाला
‘धाडणे’ छान. ‘मागवणे’ मात्र पटत नाही, post केल्यावरही आपण अर्थच मागवतो की.