मदत हवी आहे: इंजिनिअरिंग मॅनेजरला पाठवायचा मेल कुणी बघून देईल का?

ओझरकर

मंडळी नमस्कार. अंबडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं बॅकएंडचं काम करतोय. गेल्या महिन्यात पुण्याला एका मीटअपला गेलो होतो. तिथे एक इंजिनिअरिंग मॅनेजर मॅडम ऑफलाइन सिंकवर बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, टीममध्ये जागा आहे, थेट मला लिहा. मेल इंग्रजीतच जाईल, पण इथे मराठीत टाकतोय, म्हणजे व्याकरणाऐवजी मजकुरावर बोलता येईल.

> आदरणीय मॅडम, मी नाशिकचा सॉफ्टवेअर डेव्हलपर असून मला चार वर्षांचा अनुभव आहे. जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट, नोड, एक्सप्रेस, रिअ‍ॅक्ट, अँग्युलर, पोस्टग्रेस, मोंगो, रेडिस, डॉकर, कुबरनेटीस, पायथन येतं. द्राक्ष निर्यातीच्या एका पॅकहाऊससाठी वजन नोंदणीची प्रणाली विकसित केली, त्यामुळे नोंदींची अचूकता लक्षणीय वाढली. आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची मनापासून इच्छा आहे. रेझ्युमे जोडला आहे.

दोन दिवस ड्राफ्टमध्ये पडून आहे. पाठवायला हात धजत नाही.

पंचवटीकर

चांगला आहे की. उलट टेक्नॉलॉजी अजून वाढवा. नावं जुळली नाहीत तर रेझ्युमे मशीनच गाळून टाकतं, माणसापर्यंत जातच नाही.

जुना_सर्व्हर

ते कंपनीच्या पोर्टलवर अर्ज भरताना. इथे वाचणार आहे माणूस, तोही दोन मीटिंगच्या मधे, बहुधा फोनवर. असे मेल मी बरीच वर्षं वाचतोय. बारा नावं ओळीने दिसली की मी त्यातलं सगळ्यात कच्चं वाटणारं निवडतो आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावर टाकतो. ओझरकर, खरं सांगा, कुबरनेटीस तुम्ही स्वतः चालवलंय?

आणि "अचूकता लक्षणीय वाढली" म्हणजे नेमकं काय झालं? आधी काय चुकत होतं?

सिडको_टेस्टर

मी टेस्टिंगमध्ये आहे, तीन वर्षं. मॅडमचा मेल आयडी मिळेल का? मी एचआरला दोनदा लिहिलं, उत्तर नाही.

ओझरकर

@सिडको_टेस्टर, त्यांना न विचारता आयडी देणं बरं नाही, आणि जागा बॅकएंडची आहे. राग मानू नका.

@जुना_सर्व्हर, कुबरनेटीसचा फक्त कोर्स केलाय. काढतो. रोजचं काम टाइपस्क्रिप्ट, नोड, पोस्टग्रेस. रिअ‍ॅक्ट लागेल तेवढं.

चुकत काय होतं ते सांगतो, जरा लांबेल. पॅकहाऊस पिंपळगाव बसवंतच्या बाजूला. काट्यावर क्रेट ठेवायचा, ऑपरेटर टॅबवर बटण दाबणार, नोंद सर्व्हरवर जाणार. शेडला पत्रे, आत नेटवर्क येऊन-जाऊन. नोंद सर्व्हरवर पोचायची, पण "मिळाली" हा निरोप वाटेत हरवायचा. मग अ‍ॅप तीच नोंद परत पाठवायचं आणि एक क्रेट दोनदा चढायचा. शेतकऱ्याचा हिशेब क्रेटच्या वजनावर, त्यामुळे संध्याकाळी भांडण ठरलेलं.

मी प्रत्येक नोंदीला यूयूआयडी लावला, डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन टाकलं. तरी दुबार नोंदी येतच राहिल्या! दोन रात्री डोकं खाजवलं. मग टेबल नीट पाहिलं: क्रेट नंबर तोच, वजन तेच, काही सेकंदांचं अंतर, पण यूयूआयडी वेगळे. मी तो पाठवण्याच्या फंक्शनमध्ये बनवत होतो. म्हणजे दर फेरीला नवा. मग वजन घेतलं त्याच क्षणी बनवायला लागलो आणि सर्व्हरचा होकार येईपर्यंत टॅबच्या इंडेक्सडीबीमध्ये नोंदीसोबत जपून ठेवला. त्यानंतर थांबलं. जानेवारी ते एप्रिल अख्खा हंगाम त्यावर गेला.

पंचवटीकर

एवढा खटाटोप कशाला? आधी सिलेक्ट मारून बघायचं नोंद आहे का, नसेल तरच इन्सर्ट. नोड सिंगल थ्रेड आहे, दोन रिक्वेस्ट एका वेळी चालतच नाहीत.

जुना_सर्व्हर

जावास्क्रिप्ट एका थ्रेडवर चालतं हे खरं. पण सिलेक्टच्या उत्तरासाठी `await` वर थांबलात की दुसरी रिक्वेस्ट आत येते, तीही सिलेक्ट मारते, दोघींना "नाही" असंच उत्तर मिळतं आणि दोघी इन्सर्ट करतात. सर्व्हरच्या दोन प्रती असल्या तर विचारायलाच नको. निवाडा डेटाबेसनेच करायचा. ओझरकर, तुमची क्वेरी अशीच काहीशी असेल ना?

```sql
INSERT INTO weighings (client_id, crate_no, kg)
VALUES ($1, $2, $3)
ON CONFLICT (client_id) DO NOTHING
RETURNING id;
```

मुलाखतीत यावर एक प्रश्न येणारच. नोंद आधीपासून असेल तर `RETURNING` एकही ओळ देत नाही. तुमचा कोड त्याला "सेव्ह झालं नाही" समजला आणि एरर पाठवली, तर टॅब तीच नोंद पाठवतच राहील.

ओझरकर

बरोबर हीच क्वेरी! आणि तोही मार खाऊन झालाय. पहिल्या आठवड्यात रांग रिकामीच होईना. आता ओळ आली नाही तर `client_id` ने जुनी नोंद शोधून तिचाच आयडी यशस्वी म्हणून परत देतो. ऑपरेटरने नंतर वजन दुरुस्त केलं तर ती वेगळी नोंद म्हणून जाते, जुनीवर लिहीत नाही.

जुना_सर्व्हर

अहो मग हेच लिहा की! इथे दोनशे शब्दांत जे सांगितलंत ते मेलमध्ये एका मुर्दाड वाक्यात गाडून टाकलंय. "विकसित केली" म्हणजे कुणी? एकट्याने की टीमने? ते स्पष्ट करा. पॅकहाऊसचं नाव घालू नका, शेतकऱ्यांची नावं दिसतील असा स्क्रीनशॉट तर अजिबात नको. आणि "नामांकित कंपनी" काढून त्या काय बोलल्या त्यातलं तुम्हाला काय भिडलं ते एका वाक्यात.

ओझरकर

नवा मसुदा. विषय: "बॅकएंड जागेसाठी, मीटअपमधल्या ऑफलाइन सिंकच्या बोलण्यावरून".

> नमस्कार मॅडम. गेल्या महिन्यात तुमचं ऑफलाइन सिंकवरचं बोलणं ऐकलं. मी नाशिकला चार वर्षं बॅकएंडचं काम करतो, रोज टाइपस्क्रिप्ट, नोड आणि पोस्टग्रेसमध्ये. रिअ‍ॅक्ट कामापुरतं येतं.
>
> गेल्या हंगामात द्राक्षांच्या एका पॅकहाऊसची वजन नोंदणी सुरू केली. सर्व्हर आणि सिंक मी एकट्याने लिहिलं, स्क्रीन सहकाऱ्याने. नेटवर्क तुटलं की एकच क्रेट दोनदा चढत होता. कारण माझंच निघालं: नोंदीचा यूयूआयडी दर वेळी पाठवताना नवा बनत होता. तो वजनाच्या क्षणी बनवून टॅबवर जपला आणि डेटाबेसवर युनिक बंधन ठेवलं. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत दुबार नोंदीची तक्रार आली नाही.
>
> फोनच्या घड्याळावरून नोंदींचा क्रम लावू नये, असं तुम्ही म्हणालात. माझ्याकडे दोन टॅबच्या नोंदींचा क्रम अजून घड्याळावरच लागतो, आणि कधीकधी चुकतो. हेच काम तुमची टीम करते म्हणून लिहितोय. वीस मिनिटं बोलता येईल का? रेझ्युमे जोडला आहे. नोटीस पिरियड ६० दिवस.

जुना_सर्व्हर

हा मी उघडून वाचला असता. "तक्रार आली नाही" ठेवा, "शून्य दुबार" करू नका. मोजलेलं नाही ना.

पंचवटीकर

पण स्वतःची चूक आणि वर न सुटलेला प्रश्न पहिल्याच मेलमध्ये? मला नाही पटत. माझ्या मेव्हण्याने असाच प्रामाणिकपणा केला होता, पुढे बोलावणंच आलं नाही.

गोदाकाठची_मीरा

चूक शोधली कशी हे त्यात दिसतंय, मी ठेवीन. माझी शंका वेगळी आहे: नाशिकहूनच काम करायचंय हे आताच लिहिणार का? मी पहिल्या फोनपर्यंत थांबले होते, मग त्या माणसाने विचारलं, आधी का नाही सांगितलंत.

जुना_सर्व्हर

मी तरी पहिल्या मेलमध्ये अटी टाकणार नाही.

गोदाकाठची_मीरा

अट कुठे? माहिती आहे ती. त्यांचीही वीस मिनिटं वाचतात.

ओझरकर

आई म्हणते पुण्याला जा, बायको म्हणते बघू. त्यामुळे ती ओळ सध्या घालत नाहीये. मलाच ठाऊक नाही तर लिहू काय. बाकी मेल उद्या सकाळी दहाला पाठवतो. उत्तर आलं तर इथेच टाकेन.

सिडको_टेस्टर

टेस्टिंगची जागा आहे का तेवढं विचाराल का त्यात?