विषय: पोट्टा शाळेत पडला, गेट पास कसा मागायचा?

माधुरी (हिंगणघाटकडून):
नमस्कार. बुधवारी दुपारी साडेबाराला हेडमास्तरांचा फोन आला, पोट्टा झाडावरून पडला, कोपर सुजलं. मी जिनिंगच्या आवारात ओलाव्याचं मीटर घेऊन उभी, पुढे कापसाच्या अकरा गाड्या. म्हटलं, "साहेब, घरी थोडा प्रॉब्लेम आहे, जाऊ का?" ते म्हणाले, गाड्या खाली होऊ दे, मग पाहू. चाळीस मिनिटं गेली. रडू आलं तेव्हा पासवर सही झाली. आता प्लास्टर आहे, बरा आहे. पण पुन्हा असं झालं तर कसं बोलू?

दिलीप:
ताई, विचारायचं कशाला? वर्षाला ८ किरकोळ रजा कायद्यानंच आहेत. मी इथे बॉसला एक मेसेज टाकतो नि निघतो.

शोभाकाकू:
दिलीप, त्या ८ रजा २०१७ च्या दुकानं-आस्थापनांच्या कायद्यातल्या, ठरावीक संख्येहून जास्त कामगार असतील तिथल्या. कारखान्याला तो लागू नाही. पासाशिवाय निघाली तर चौकीदार फाटकावरच अडवेल. सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात मी सव्वीस वर्षं हेच पाहिलं.

माधुरी, "थोडा प्रॉब्लेम" म्हटल्यावर साहेबाला वाटलं असेल, पाहुणे आले. ओलावा १२ टक्क्यांच्या वरचा माल चुकून आत गेला तर त्याची मान अडकते, म्हणून त्याला मीटरची काळजी. असं सांग: "साहेब, पोरगा पडला, हात मोडल्यासारखा वाटतो. चार गाड्या नोंदल्या, पाचवीपासून वजनकाट्यावरचा गजानन पाहील. आत्ता निघते, सहाला फोन करते." पासवर वेळ लिहून घे. जेवढा वेळ नव्हतीस तेवढेच पैसे कापता येतात, अख्ख्या दिवसाचे नाही.

नलिनी:
मी हाडांच्या वॉर्डात नर्स होते. साहेबाकडे जाण्याआधी मास्तरांना विचार, बोटं हलतात का? गार, पांढरी पडली का? तसं असेल तर आईची वाट पाहायची नाही, मास्तरांनीच १०८ लावायचा. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं, म्हणून बिस्कीट-पाणीही नको. "बोटं गार पडली" एवढं ऐकल्यावर कोणता साहेब गाड्या मोजत बसेल?

वसंतराव:
संक्रांतीच्या हॉलचे पैसे अजून सात घरांचे यायचेत. हा विषय वेगळ्या धाग्यात घ्यावा ही विनंती.

शोभाकाकू:
वसंतराव, हॉलची आठवण तुम्ही याच आठवड्यात तिसऱ्यांदा केली. पोरीला बोलू द्या.

माधुरी:
नलिनीताई, बोटांचं मला सुचलंच नव्हतं. काकू, गजाननचंच अडतं. वरचा कापूस उन्हानं वाळलेला असतो, गाडीत कोपरापर्यंत हात घालून मधला काढावा लागतो. तो वरूनच घेतो, मग मीटर ९ दाखवते नि आत १४ निघतो. सोमवारी साहेबांना विचारते, रोज दोन गाड्या त्याच्या हातानं मोजू देऊ का. मीटरला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना चालत नाही. नाही म्हणाले तर दुसरं कोणाला सुचतं का?