टाक्यांभोवतीची लाली पेनाने आखून ठेवा

"आईचं हर्नियाचं ऑपरेशन संभाजीनगरला झालं, आता गावी आणलंय. सहाव्या दिवशी टाके लाल, गरम, पाणीही येतंय. कुणाला विचारू?"

ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच, आणि आजच. नंबर डिस्चार्ज कार्डावर असतो. आत जाळी बसवली असेल तर तिला संसर्ग पोचलाय का, हे त्यांनीच बघायला हवं.

पहिले दोन-तीन दिवस थोडी लाली, पातळ गुलाबीसर पाणी चालतं. सहाव्या दिवशी ते नव्याने सुरू झालं किंवा वाढलं, तर संसर्ग धरूनच चाला. फोनआधी लालीची कड पेनाने आखा, शेजारी वेळ लिहा आणि ताप मोजा. लाली रेषेबाहेर सरकली की पसरतेय हे नक्की. पाणी घट्ट, पिवळसर, वासाचं असेल तर तो पू. फोटो पाठवा, शुगर असल्यास तेही सांगा.

हळद लावू नका (शेजारीण कितीही म्हणू दे), मेडिकलवरून गोळ्याही आणू नका. पू साचला असेल तर एखादा टाका काढून वाट करून द्यावी लागते, नुसत्या गोळीने तो जात नाही.

डॉक्टर सापडलेच नाहीत तर कार्ड घेऊन उपजिल्हा रुग्णालय गाठा. थंडी वाजून ताप, धाप, गुंगी किंवा टाके उसवले तर थेट १०८.